4,76,400 रुपयांची थकबाकी आणि हप्त्यांचा ई-मेल

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतली एक छोटी फाउंड्री. शेतीपंपांच्या केसिंगची कास्टिंग ओतणं हे तिचं मुख्य काम. ग्राहक सांगलीकडचा, पंप जोडून विकणारा. दोघांचा व्यवहार जुना, माल नेहमीचा, भांडण कधी नाही. फाउंड्रीचा हिशेब माझ्याकडे असल्यामुळे हे प्रकरण पहिल्या फोनपासून शेवटच्या पावतीपर्यंत जवळून पाहिलं. दोघांची नावं इथे देत नाही, त्यांची गरजही नाही.

बिल 5 मार्च 2025 चं. आठ-आठ किलोची 625 केसिंग, म्हणजे पाच टन माल. किंमत 5,00,000 रुपये, त्यावर 18 टक्के जीएसटी 90,000, एकूण 5,90,000. मुदत 45 दिवसांची, म्हणजे पैसे 19 एप्रिलपर्यंत यायला हवे होते. ते आले नाहीत. 12 मे रोजी फक्त 90,000 जमा झाले. आपल्याकडे बरेच ग्राहक असंच करतात, 'निदान जीएसटी तरी देऊन टाकतो' म्हणून तेवढा आकडा सोडतात आणि बाकीच्यासाठी 'पुढच्या आठवड्यात' सुरू होतं. जूनअखेर फाउंड्रीच्या मालकांचा संयम संपला आणि त्यांनी मला सांगितलं, "आता एक कडक मेल टाका. हप्ते करून घ्या म्हणावं, आणि हप्ता चुकला तर महिन्याला पाच टक्के दंड."

हप्ते ठीक होते. दंडावर मी थांबलो, पण त्याआधी आणखी एक गोष्ट निपटायची होती.

ग्राहकाने एप्रिलमध्ये व्हॉट्सअॅपवर फोटो पाठवले होते. मशिनिंग करताना 25 केसिंगमध्ये ब्लो होल निघाले होते. त्यावर फाउंड्रीने 'बघतो' म्हटलं होतं आणि विषय तिथेच राहिला होता. कायद्याच्या भाषेत पाहिलं तर सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायदा, 2006 प्रमाणे माल मिळाल्यापासून 15 दिवसांत लेखी हरकत आली नाही, तर माल स्वीकारला असंच धरतात. फोटो त्यानंतर आले होते, म्हणजे फाउंड्रीला हात वर करता आले असते. पण माझा सल्ला उलटा होता. मिटवून न टाकलेलं रिजेक्शन हप्त्यांच्या योजनेत हमखास परत येतं. पहिला हप्ता येतो, दुसऱ्याच्या वेळी फोन येतो की 'ते 25 नग आधी वजा करा, मग बोलू', आणि सरळ थकबाकीचं प्रकरण वादाचं होऊन बसतं. 25 नगांचे 20,000 अधिक 3,600 जीएसटी अशी 23,600 ची क्रेडिट नोट काढली, ग्राहकाच्या अकाउंटंटकडून ती मिळाल्याची पोच घेतली, आणि बाकी पक्की झाली: 4,76,400.

ग्राहक देऊ शकत नाही की देऊ इच्छित नाही, हे ओळखायची ही चांगली परीक्षा ठरली. क्रेडिट नोट मिळाल्यावर त्याने नवी तक्रार काढली असती, तर हप्त्यांचा प्रस्ताव मी लिहिलाच नसता. त्याने उलट स्वतःहून खरी अडचण सांगितली. पावसाळ्यात शेतीपंप विकले जात नाहीत, डीलरांकडे त्याचेच पैसे अडकलेले असतात, आणि हात मोकळा होतो तो दसऱ्यानंतर. अशा माणसाला समान पाच हप्ते बांधून देणं म्हणजे ऑगस्टचा हप्ता चुकणार हे आधीच लिहून देण्यासारखं. म्हणून सुरुवातीचे हप्ते लहान, शेवटचे मोठे ठेवले. 20 ऑक्टोबरला ऐन दिवाळी होती, कामगारांचा बोनस त्याच्या आधी जाणार, म्हणून तो हप्ता 30 तारखेवर नेला. शेवटी मोठा हप्ता ठेवणं मला एरवी आवडत नाही. इथे ते का चाललं, ते पुढे येईल.

आता दंडाचं. महिन्याला पाच टक्के म्हणजे वर्षाला साठ. भारतीय करार कायदा, 1872 च्या कलम 74 खाली जी उदाहरणं दिली आहेत, त्यांतली दोन या प्रकरणासाठीच लिहिली असावीत असं वाटतं. एकात 12 टक्के व्याजाचं कर्ज आहे, आणि फेड चुकली तर व्याज 75 टक्के होईल अशी अट आहे. कायदा म्हणतो, ही अट दंडाची आहे, आणि वसूल होईल ती फक्त न्यायालयाला वाजवी वाटेल तेवढी भरपाई. दुसऱ्यात 1,000 रुपये पाच समान मासिक हप्त्यांत फेडायचे आहेत, आणि एक हप्ता चुकला तर सगळी रक्कम एकदम देय होईल अशी अट आहे. कायदा म्हणतो, ही अट दंड नाही, करारात लिहिली आहे तशीच ती अमलात येईल. म्हणजे मालकांना जी अट कडक वाटत होती ती कागदावरच राहण्याची शक्यता होती, आणि जी त्यांच्या डोक्यातही नव्हती ती भक्कम होती.

शिवाय दंडाची गरजच नव्हती. फाउंड्री उद्यम नोंदणी असलेला लघु उद्योग आहे, स्वतः माल बनवते, आणि नोंदणी या व्यवहाराच्या कितीतरी आधीची आहे. त्यामुळे 2006 च्या त्याच कायद्याने तिला मुदतीनंतरच्या प्रत्येक दिवसाचं व्याज आधीच दिलेलं आहे: रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढ. जून 2025 मध्ये बँक दर 5.75 टक्के झाला, म्हणजे व्याज 17.25 टक्के. त्याआधीच्या काही आठवड्यांचं 18.75 टक्क्यांनी. 20 एप्रिल ते 7 जुलै या काळाचं व्याज मी मांडलं ते सुमारे 20,000 रुपये झालं. ठरवलेले सगळे हप्ते तारखेवर आले असं धरलं, तरी योजनेच्या काळातलं व्याज आणखी सुमारे 20,000. एकूण 40,000 च्या घरात.

हे 40,000 म्हणजेच या ई-मेलचा कणा. बहुतेक लोक अशा पत्रात उदारपणे लिहितात की 'आपले जुने संबंध लक्षात घेऊन व्याज माफ करत आहोत', आणि मग हप्ता चुकल्यावर वेगळा दंड लावू पाहतात. माफी आधी देऊन टाकली की हातात काही उरत नाही, आणि नवा दंड टिकत नाही. क्रम उलटा करायचा. व्याज माफ करायचं नाही, मागणं थांबवून ठेवायचं. सगळे हप्ते आले की ते कायमचं सोडायचं. योजना मोडली तर ग्राहकावर नवं काहीच लादलं जात नाही, तो फक्त मूळ जागी परत जातो. त्याला हे अन्यायाचं वाटत नाही आणि कलम 74 चा मुद्दाही फारसा उभा राहत नाही.

7 जुलैला गेलेला ई-मेल असा होता.

विषय: बिल क्र. 212, दि. 5 मार्च 2025, बाकी रु. 4,76,400: हप्त्यांचा प्रस्ताव (उत्तर 10 जुलैपर्यंत)

सप्रेम नमस्कार,

वरील बिलाचे रु. 5,90,000 दि. 19 एप्रिल 2025 रोजी देय होते. 12 मे रोजी आपण रु. 90,000 दिलेत. 25 केसिंगच्या रिजेक्शनपोटी रु. 23,600 ची क्रेडिट नोट आम्ही दिली आहे. आजची बाकी रु. 4,76,400 आहे. या बिलाबाबत मालाची किंवा हिशेबाची आता कोणतीही तक्रार शिल्लक नाही, असे आपले बोलणे झाले आहे.

पावसाळ्यातील आपली अडचण लक्षात घेऊन ही बाकी पुढीलप्रमाणे देण्याची सोय आम्ही करत आहोत:

15 जुलै: रु. 76,400
20 ऑगस्ट: रु. 75,000
20 सप्टेंबर: रु. 75,000
30 ऑक्टोबर: रु. 1,00,000
28 नोव्हेंबर: रु. 1,50,000

सोबतच्या अटी:

1. हप्त्याची पूर्ण रक्कम ठरलेल्या तारखेपर्यंत आमच्या बँक खात्यात जमा झाली, तरच तो हप्ता भरला असे धरले जाईल. हप्त्यातील काही रक्कम आली तर ती बाकीतून वजा होईल, पण हप्ता पूर्ण झाला असे होणार नाही.

2. तारीख चुकल्यास पुढील पाच दिवस सवलतीचे राहतील. त्यासाठी वेगळी परवानगी घ्यावी लागणार नाही.

3. पाचव्या दिवशी संध्याकाळी सहापर्यंतही हप्ता पूर्ण न झाल्यास आम्ही ही सोय ई-मेलने रद्द करू शकतो. तसे कळवल्यास उरलेली सर्व रक्कम त्याच दिवशी देय होईल, आणि 20 एप्रिल 2025 पासूनचे कायद्याप्रमाणे होणारे व्याजही देय होईल.

4. सर्व हप्ते वरील अटींप्रमाणे पूर्ण झाल्यास या बिलावरील व्याज आम्ही मागणार नाही. तोपर्यंत व्याजाचा हक्क सोडलेला नाही.

5. एखादा हप्ता आम्ही उशिरा स्वीकारला, तर पुढील तारखा किंवा अटी बदलल्या असा त्याचा अर्थ होणार नाही.

6. ही फक्त पैसे देण्याची सोय आहे. मूळ बिल, त्याची 19 एप्रिलची देय तारीख आणि त्याखालील आमचे हक्क कायम राहतील.

7. प्रत्येक हप्त्याचा त्या तारखेचा एक, असे पाच चेक आपण 12 जुलैपर्यंत द्यावेत. हप्ता खात्यात थेट आला की त्याचा चेक परत केला जाईल.

8. बाकी पूर्ण होईपर्यंत नवा माल आगाऊ रकमेवर दिला जाईल.

वरील बाकी आणि अटी मान्य असल्यास याच ई-मेलला आपल्या स्वतःच्या पत्त्यावरून "बाकी रु. 4,76,400 व सर्व अटी मान्य" असे उत्तर द्यावे. 10 जुलैपर्यंत असे उत्तर न आल्यास हा प्रस्ताव राहणार नाही.

कळावे.

अटी आठ दिसतात, पण माझ्या लेखी तिसरी, चौथी आणि सातवी या तीनच खऱ्या वजनाच्या. बाकीच्या त्यांना टेकू देतात.

तिसऱ्या अटीत 'रद्द करू शकतो' आणि 'कळवल्यास' हे मुद्दाम आहे. 'हप्ता चुकताच सोय आपोआप रद्द होईल' असं लिहिणं कडक वाटतं, पण त्याने पुरवठादाराचेच हात बांधले जातात. दोन दिवस उशीर झाला तरी योजना मेली, आणि मग पुढचा हप्ता घेतला तर नेमकं काय चालू आहे हे कोणालाच सांगता येत नाही. निर्णय आपल्या हाती ठेवायचा, आणि तो लेखी कळवूनच अमलात आणायचा.

सहावी अट नसती तर उद्या ग्राहकाचा वकील म्हणू शकला असता की जुन्या कराराच्या जागी नवा करार झाला. तसं झालं की मूळ करार पाळण्याचं बंधन उरत नाही, असं करार कायद्याचं कलम 62 सांगतं. मग 19 एप्रिलची देय तारीख गेली आणि तिच्यावर उभं असलेलं व्याजही गेलं.

सातव्या अटीवर मालकांशी थोडी वादावादी झाली. त्यांना पूर्ण 4,76,400 चा एकच 'सिक्युरिटी चेक' हवा होता, बाजारात तशीच पद्धत आहे म्हणून. पण सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये दशरथभाई पटेल प्रकरणात स्पष्ट केलं आहे की चेक दिल्यानंतर काही रक्कम भरली गेली असेल, आणि तरी चेकवर तशी नोंद न करता तो पूर्ण रकमेसाठी बँकेत टाकला, तर चेक परत आला तरी निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याच्या कलम 138 चा गुन्हा होत नाही, कारण त्या दिवशी चेकवरची रक्कम देणं राहिलेलीच नसते. हप्त्यांच्या योजनेत एकच मोठा चेक पहिल्या हप्त्यानंतरच निरुपयोगी होऊ लागतो. प्रत्येक हप्त्याचा वेगळा चेक असेल तर ही अडचण त्या एका हप्त्यापुरतीच राहते. चेक परत आला तर पुढची घड्याळंही लक्षात ठेवावी लागतात. बँकेचा मेमो मिळाल्यापासून 30 दिवसांत नोटीस, ती मिळाल्यापासून ग्राहकाला 15 दिवस, आणि त्यानंतर एका महिन्यात तक्रार. चेक मात्र त्यावरच्या तारखेपासून तीन महिन्यांच्या आत बँकेत गेलेला हवा.

उत्तराचे शब्द आपणच लिहून देण्याचं कारण 9 जुलैलाच दिसलं. ग्राहकाचं पहिलं उत्तर आलं: "ओके. ऑगस्टचा जमेल तसं बघू." हे मान्य करणं नव्हे. स्वीकृती विनाशर्त हवी, असं करार कायदाच सांगतो. शर्त घातलेलं उत्तर म्हणजे नवा प्रस्ताव. यावर रागावण्यात अर्थ नसतो, माणसं असंच लिहितात. मी फोन करून ऑगस्टची तारीख पुढे हवी आहे का ते विचारलं. तो म्हणाला, "नको हो साहेब, सवयीनं लिहिलं." मग आम्ही दिलेले शब्द त्याने जसेच्या तसे लिहून पाठवले. त्या एका ओळीचा आणखी एक उपयोग आहे. दावा लावण्याची मुदत संपण्याआधी कर्जदाराने देणं लेखी मान्य केलं, की मुदत कायद्याच्या कलम 18 खाली तिथून तीन वर्षं नव्याने मोजता येतात. या प्रकरणात बिल ताजं होतं म्हणून ते गौण होतं. दोन-अडीच वर्षं जुन्या थकबाकीत मात्र कित्येकदा हप्त्यांपेक्षा ही ओळ जास्त मोलाची असते.

एक गोष्ट ई-मेलमध्ये मी जाणूनबुजून घातली नाही. जीएसटी कायद्याप्रमाणे बिलाच्या तारखेपासून 180 दिवसांत पुरवठादाराला पैसे दिले नाहीत, तर ग्राहकाला घेतलेलं इनपुट टॅक्स क्रेडिट न दिलेल्या रकमेच्या प्रमाणात व्याजासह परत करावं लागतं. पैसे दिले की ते पुन्हा घेता येतं. इथे ती तारीख 1 सप्टेंबर होती. त्या दिवशी योजनेप्रमाणे 3,25,000 बाकी राहणार होते, आणि त्यातला जीएसटीचा भाग सुमारे 49,600. ग्राहकाच्या अकाउंटंटचा समज असा होता की 90,000 चा जीएसटी मे महिन्यात दिला, म्हणजे क्रेडिट सुरक्षित आहे. तसं नसतं. नियम प्रमाणाचा आहे, तुम्ही ती रक्कम 'जीएसटीपोटी' म्हणून दिलीत की मालापोटी, याने फरक पडत नाही. हे पत्रात लिहिलं असतं तर धमकी वाटली असती. अकाउंटंटला फोनवर सांगितलं, तर तो मालकाच्या मागे लागला. ऑगस्टचा हप्ता 20 ऐवजी 18 तारखेलाच आला, त्यात या फोनचा वाटा असावा असा माझा अंदाज.

खरी कसोटी सप्टेंबरमध्ये लागली. 20 तारखेला 75,000 च्या जागी 40,000 आले. फाउंड्रीच्या मालकांचं म्हणणं, "आलेत ना चाळीस, राहू दे की आता." हाच क्षण असतो जिथे अशा बहुतेक योजना मोडतात, आणि मोडल्याचं कोणाला कळतही नाही. अर्धा हप्ता मुकाट्याने घेतला, पुढचाही तसाच घेतला, की तारखा नावापुरत्या उरतात. मग नोव्हेंबरमध्ये कायद्याची भाषा काढली तर समोरचा म्हणतो, 'आजवर तर चालत होतं.' पाचवी अट यासाठीच घातलेली असते, पण नुसती अट लिहून भागत नाही, तिच्याकडे वेळच्या वेळी बोट दाखवावं लागतं. सोमवारी, 22 तारखेला हा छोटा ई-मेल गेला:

"नमस्कार. सप्टेंबरच्या हप्त्यापैकी रु. 40,000 मिळाले, आभारी आहोत. रु. 35,000 राहिले आहेत. 7 जुलैच्या ई-मेलमधील अट 2 प्रमाणे सवलतीचा शेवटचा दिवस 25 सप्टेंबर आहे. कृपया त्यापूर्वी जमा करावेत."

बस, एवढंच. रद्द करण्याची भाषा नाही, व्याजाचा आकडा नाही. सप्टेंबरचा चेकही बँकेत टाकला नाही. तो 75,000 चा होता आणि देणं 35,000 चं उरलं होतं, म्हणजे वर सांगितलेली अडचण छोट्या रूपात इथेही होतीच. 

पैसे आले 26 तारखेला. एक दिवस उशिरा. आता काय करायचं? कागदाप्रमाणे फाउंड्रीला योजना रद्द करता येत होती आणि 2,50,000 एकदम मागता येत होते. पण माणूस देत होता, हंगाम तोंडावर होता, आणि एका दिवसासाठी सगळं मोडलं असतं तर पुढची वसुली भांडणातच गेली असती. दुसरीकडे गप्प बसणंही चालणार नव्हतं. त्या दिवशी कळवलं की सप्टेंबरचा हप्ता पूर्ण मिळाला, तो मुदतीनंतर आला असला तरी अट 3 खालचा हक्क आम्ही या वेळेपुरता वापरत नाही आणि हा हप्ता अट 4 साठी वेळेत आला असं धरतो, ऑक्टोबर आणि नोव्हेंबरच्या तारखा व सर्व अटी तशाच कायम आहेत. हा मधला भाग विसरला असता तर चौथ्या अटीचं काय झालं हा प्रश्न लटकत राहिला असता. सप्टेंबरमध्येच व्याजमाफी गेली असं ग्राहकाला वाटलं असतं, तर शेवटचे दोन हप्ते वेळेवर देण्याचं त्याला काही कारणच उरलं नसतं.

इथेच शेवटी मोठा हप्ता ठेवण्याचं गणित येतं. सगळी बाकी एकदम देय होण्याची अट सुरुवातीला जोरात असते. ऑगस्ट चुकला तर चार लाख अंगावर येतात. पण प्रत्येक हप्त्याबरोबर तिची धार कमी होत जाते, आणि शेवटच्या हप्त्याला ती शून्य होते, कारण एकदम मागण्यासारखं मागे काही उरलेलंच नसतं. थांबवलेल्या व्याजाचं उलट होतं. जुलैत ते 20,000 होतं, नोव्हेंबरअखेर 40,000. या दोन अटींपैकी एकच असती तर योजनेचं एक टोक मोकळं राहिलं असतं. बरेच लोक फक्त पहिली अट लिहितात आणि शेवटचा हप्ता महिनोन्‌महिने लोंबकळत राहतो, तो याच कारणाने.

ऑक्टोबरचा हप्ता तारखेवर आला. 25 नोव्हेंबरला ग्राहकाचा फोन आला, "साहेब, आता एक लाख देतो, पन्नास डिसेंबरात. आजवर दिलेच की नाही?" मी त्याला नाही म्हटलं नाही. एवढंच म्हटलं की पन्नास हजार महिनाभर पुढे ढकलण्यासाठी तुम्ही चाळीस हजारांची सूट घालवणार का, ते तुमचं तुम्ही बघा. शिवाय त्या व्याजावर जीएसटीही लागतो. उशिराच्या पैशावरचं व्याज मालाच्या किमतीतच धरलं जातं, म्हणून ते वसूल केलं तर 18 टक्के लावून डेबिट नोट काढावी लागली असती. तो थोडा वेळ हिशेब करत बसला असावा. 2 डिसेंबरला, सवलतीच्या दिवसांत, 1,50,000 जमा झाले.

त्याच दिवशी शेवटचा ई-मेल गेला. बिल क्र. 212 ची बाकी शून्य, अट 4 प्रमाणे या बिलावरील व्याज आम्ही मागणार नाही, न वटवलेले चेक सोबतच्या यादीप्रमाणे परत करत आहोत, पोच द्यावी. हा ई-मेल लोक टाळतात, पैसे आले की विषय संपला असं त्यांना वाटतं. पण ग्राहकाच्या दृष्टीने त्याने कमावलेली गोष्ट हीच असते, आणि ती त्याला लेखी मिळायला हवी. फाउंड्रीच्या पुस्तकातही व्याजाची बाब तिथेच बंद होते.

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात नवी ऑर्डर आली, 400 केसिंगची. ग्राहकाला पुन्हा 45 दिवसांची उधारी हवी होती. फाउंड्रीने निम्मे पैसे आगाऊ, निम्मे 30 दिवसांत, आणि एका वेळी दीड लाखांवर उधारी नाही, असं सांगितलं. त्याने तोंड वाकडं केलं आणि आगाऊ रक्कम पाठवली.